पाटी संपायच्या आत

१९२९ साल. मी बावीस वर्षांचा होतो आणि रत्नागिरीच्या तंबूतल्या सिनेमात, पडद्याशेजारी एका डुगडुगत्या स्टुलावर बसून पाट्या वाचत असे. तेव्हाचे सिनेमे मुके. माणसं नुसती तोंडं हलवायची. ती काय बोलली ते मधेच काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत उमटायचं. वाचता येणारे लोक तंबूत थोडे, म्हणून ते मोठ्यानं ओरडून सांगणं हे माझं काम. मी मराठी दुसरीपर्यंत शिकलो. शाळेनं मला काढलं असं आमच्या वाडीत काही लोक सांगतात, ते खोटं आहे. शाळेला मी काढलं.

पाटी माझी पुरी वाचून व्हायच्या आत निघून जायची. मग अर्धी तिची आणि अर्धी माझ्या पदरची. पडद्यावरचा राजा ‘प्रधानजी’ एवढं म्हणाला, की पुढे मी त्याला ओढ्यावरच्या वाहून गेलेल्या साकवाची चौकशी करायला लावायचो. लोक खूश. एकच सिनेमा तीनदा बघायला येणारी माणसं होती, कारण गोष्ट दर खेपेला निराळी. याला कोणी लबाडी म्हणेल. त्यानं त्या स्टुलावर एकदा बसून दाखवावं.

त्या साली देवरुखकडचा एक तरुण मुंबईहून आला. तिकडे एका सिनेमा कंपनीत तो कॅमेऱ्याचं हँडल फिरवायचा. त्यानं स्वतःचा एक छोटा सिनेमा काढला होता, एका रिळाचा. आई, मुलगा, मुलगा मुंबईला जातो, पुढे परत येतो. संपलं. पाट्या लिहिल्या होत्या आमच्या गावच्या एका मास्तरांनी. मास्तर पेन्शनीत निघाले होते आणि त्यांना करमत नव्हतं.

पहिला खेळ आमच्या तंबूत व्हायचा होता. त्याआधी पाट्या लोकांना कळतात का ते बघायला त्यानं आम्हांला तंबूवाल्या शेटच्या सुपारीच्या गुदामात बोलावलं. जांभ्या दगडाचं गुदाम, दारं लावली की भर दुपारी काळोख. शेटनं मला बाजूला घेतलं.

“हे बघ, आज लिहिलंय तसं वाचलंस तर स्टूल तुझं. नाहीतर पहिल्या खेळाला मास्तर वाचतील. आणि पुढेही तेच.”

“मास्तर? त्यांचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत तरी जाईल काय?”

“तुझा जातो, पण तू काय सांगतोस ते पाटीवर नसतं!”

प्रेक्षक म्हणून शेटनं मासे विकून परतणारी एक खारवीण आणून बसवली होती. तिची माशांची पाटी रिकामी, पण वास भरलेला. मास्तरांनी उपरण्यानं नाक धरलं.

मुंबईवाल्या तरुणानं हँडल फिरवून मशीन सुरू केलं. पहिली पाटी आली:

जननीजन्मभूमीच्या वि
योगे विदीर्णहृदय सुपु
त्र द्रव्यार्जनार्थ मुंबापु
रीस प्रस्थान करितो

पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याचा हा प्रताप. त्याचा हात दुकानांच्या पाट्यांवर बसलेला. फळी संपली की शब्द तोडायचा आणि खाली उरलेला लिहायचा. मी ‘जननीजन्म’ इथवर पोचलो आणि पाटी गेली. पडद्यावर मुलगा बोचकं घेऊन उभा. गप्प कसं राहणार? मी ओरडलो, “जननी, जन्मात एकदा तरी मुंबई बघून येतो गं!”

“हे कुठे लिहिलंय?” मास्तर उठून उभे राहिले.

“निम्मं लिहिलंय.”

“गाढवा, एक अक्षर धड वाचलं नाहीस!”

“तुमचं एक अक्षर म्हणजे बैलगाड्यांची रांग, मास्तर. पहिली गाडी वळणावर आणि शेवटची अजून गोठ्यात!”

शेटनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “उठ. मास्तर, बसा तुम्ही.”

मी उठलो. स्टूल मास्तरांखाली जरा डुगडुगलं तेवढंच समाधान. रीळ पुन्हा पहिल्यापासून लागलं आणि मास्तर धडाधड वाचत सुटले. त्यांना सगळं पाठ. पाटी यायच्या आधीच त्यांचं वाचून व्हायचं. खारवीण टकमक बघत होती. मग मुलगा आईचा निरोप घेतो ती जागा आली. मजकूर एका फळीवर मावला नव्हता म्हणून दोन पाट्या केलेल्या, आणि मधे आईचा चेहरा. मास्तरांनी पहिली वाचली:

“माते, मी परत येणार नाही,”

पडद्यावर आई डोळ्यांना पदर लावते. झालं! खारवीण ताडकन उठली.

“आवशीच्या तोंडावर असं बोलतोस, मेल्या? नवस करून झाला असशील रे तू! जा, आणि मुंबईत सड!”

मास्तर दुसरी पाटी ओरडत होते, “असा विचार मनात आणू नकोस!” पण ऐकतो कोण? शेवटी मुलगा परत आला, आईनं त्याला जवळ घेतलं, तरी खारवीण म्हणते, “पैसा संपला असंल, म्हणून आला.” आणि टोपली उचलून चालती झाली.

मुंबईवाल्यानं हँडल सोडलं. तो एकदम खाली बसला. “आई रडते ती मायेनं,” तो म्हणाला. “मुलगा परत येतो म्हणतो म्हणून. माझी गोष्टच उलटी झाली.”

मला हसू येत होतं, पण त्याचं तोंड बघून ते गिळलं. मास्तरांनी बरोबर वाचलं होतं, हे तर खरं.

मग तोच मला म्हणाला, “भाऊ, तू बस स्टुलावर. मास्तरांच्या कागदावरून एकेक पाटी वाच, बनवाबनवी नको. अडशील तिथे थांब. मास्तर, हा अडेल तो शब्द तुम्ही बदला. हा श्वास घेईल तिथे ओळ तुटेल. रंगाऱ्याच्या फळीवर नाही.”

“म्हणजे मराठी भाषेचं माप या टोणग्याच्या छातीवर?” मास्तर म्हणाले.

“तंबूत याच्याहून हळू वाचणारेच जास्त आहेत, मास्तर.”

हे कौतुक होतं की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बसलो. वाचू लागलो. अडायचो, मास्तर चडफडत खोडायचे. तो शिसपेनीनं फुटांचा हिशेब करायचा. फिल्मचा एक फूट पडद्यावर साधारण एक सेकंद टिकतो, आणि मी पाटी दोनदा वाचू शकेन एवढे फूट तो तिला द्यायचा. ‘द्रव्यार्जनार्थ’ गेलं, ‘पोटासाठी’ आलं. ‘मुंबापुरी’ मास्तर सोडीनात, तेव्हा मीच म्हटलं राहू द्या, ऐकायला बरी वाटते. माझाही एक शब्द मला घालायचा होता, बोचक्यातल्या फणसपोळीबद्दल. मास्तरांनी तो उडवला. पडद्यावर फणसपोळी नाही, म्हणे.

राहिली निरोपाची पाटी. दोन्ही जोडल्या तर लांब होते, तोडल्या तर खारवीण शिव्या देते. मास्तर उपरण्याशी चाळा करत होते. त्यांचा मुलगा कराचीला नोकरीला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक.

“माझा निघताना एवढं कुठे बोलतो?” ते हळूच म्हणाले. “उंबऱ्यावर उभा राहतो. ‘आई, येतो’ म्हणतो. जातो म्हणायची आपल्यात रीतच नाही.”

मुंबईवाल्यानं वर बघितलं. “एवढंच लिहू?”

“एवढंच.”

माझ्याही मनात तेच आलं होतं. फक्त ते आधी बोलले.

मी पाटी नसताना ती वाचली. “आई, येतो.” शेट सुपारीच्या पोत्यावर बसला होता, तो घसा खाकरून म्हणाला, “मास्तर, हे तुमच्या आवाजात नाही चालायचं.”

“मीही तेच म्हणतो,” मास्तर म्हणाले. “वाचू दे या गाढवालाच. पण पाटीवर आहे तेवढंच!”

“तेवढंच,” मी म्हटलं. त्या एका सिनेमापुरतं मी ते पाळलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी तंबूतलं स्टूल डोक्यावर घेतलं, सुताराकडे गेलो आणि स्टुलाचा डुगडुगता पाय नवा बसवून आणला.