अर्ध्या मिलीवरचा बाक

परभणीच्या एका कॉलेजनं मी विकलेलं कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे द्रावणातून वीज किती वाहते ते मोजणारं यंत्र, परत केलं, त्याचं पत्र मी आजही पिशवीत ठेवतो. 'यंत्र सदोष' एवढे दोनच शब्द. त्या दिवशी मी तिथं आवाज चढवला, टेबलावर हात आपटला आणि स्वतःचंच वाटोळं करून घेतलं. वालूरहून टेस्टट्यूबांची खोकी मोटरसायकलला बांधून धंदा उभा केलेला माणूस मी. सदोष हा शब्द एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात माझ्या आधी पोचायचा.

मग सेलूच्या कॉलेजनं मीटर बघायला बोलावलं. प्रयोगशाळेत शिरलो तर खरेदी समितीत तेच सर बसलेले, ज्यांची त्या पत्रावर सही होती. ते मूळचे भौतिकशास्त्राचे. यंत्रं कळतात म्हणून त्यांना सगळीकडे बोलावतात. ब्युरेट, म्हणजे थेंबथेंब सोडायची मापाची नळी, सांभाळायला रसायनशास्त्राच्या मॅडम होत्या, नव्यानं लागलेल्या, सरांपुढं फारसं न बोलणाऱ्या.

सर हसून म्हणाले, "या शेठ. दुरुस्त करून आणलं, का रंग देऊन?"

टोमणा गिळून मी मीटर टेबलावर मांडलं. इथूनही परत गेलो असतो तर जिल्ह्यात कुणी दारात उभं केलं नसतं.

आधी मॅडमनी हायड्रोक्लोरिक आम्लात सोडियम हायड्रॉक्साइड सोडलं. मीटरवरचा आकडा सरळ उतरत गेला, दहा मिलीला तळाशी टेकला आणि पुन्हा चढला. सरांच्या आलेखावर झकास व्ही उमटला. सरांनी मान हलवली आणि म्हणाले, आता परभणीला घेतलं होतं तेच, अ‍ॅसेटिक आम्ल घ्या. मॅडमनी अ‍ॅसेटिक आम्लाची बाटली उघडली, आंबूस वास आला. तोच वास मला त्या दिवशीचा आठवत होता. पत्र आल्यावर मीटर बनवणाऱ्या कारखान्याला मी फोनवर तो वास सांगितला, तेव्हाच त्यावरून आम्ल ओळखून त्यांच्या माणसानं मला सगळं समजावलं होतं. पण फोनवर समजणं वेगळं आणि समितीपुढं आकडा तसाच येणं वेगळं.

पहिला आकडाच आधीच्या मानानं बारीक निघाला. शून्य पॉइंट दोन मिलीचे तीन टप्पे पडले, तिन्ही वेळा आकडा थोडा उतरला. चौथ्याला चढला. पाचव्याला, सहाव्यालाही चढलाच.

सरांनी पेन खाली ठेवलं. "तळ आला अर्ध्या मिलीच्या आसपास. यायला पाहिजे होता दहाला. अगदी तेव्हासारखंच. बंद करा मॅडम."

मॅडमचा हात ब्युरेटच्या चावीवर गेला. ओरडलो असतो तर खेळ तिथंच संपला असता. म्हणून मी सौदा मांडला.

"सर, दहाच्या पुढं जाऊ द्या. रेषेचा बाक दहाला न्हाई आला, तर मशीन इथंच ठेवून जातो. फुकट. लेखी देतो."

सर मॅडमकडं बघायला लागले. मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, अशा दुर्बल आम्लात पहिला उतार असतोच."

चावी पुन्हा उघडली. मधल्या वेळात गप्प बसवेना, म्हणून मी बोलत राहिलो. हायड्रोजन आयन पाण्यातून चालत नाही, बांधकामावर वाळूच्या पाट्या हातोहात पुढं जाव्यात तसा त्याचा भार पुढं सरकतो. म्हणून तो लय जलद, सोडियमच्या सातपट. पहिल्या आम्लात सगळे हायड्रोजन मोकळे होते. ते पाणी होऊन संपत गेले, त्यांच्या जागी मंद सोडियम आला, म्हणून आकडा धाडकन पडला. या आम्लात मोकळे मुळातच थोडे. अ‍ॅसिटेट तयार झालं की तेही बांधले जातात, एवढाच तो सुरुवातीचा उतार. पुढं सोडियम आणि अ‍ॅसिटेट, दोन्ही मंद, पण संख्या वाढते, म्हणून आकडा सावकाश चढायलाय.

"आणि दहाला?" सरांनी विचारलं.

"आम्ल संपेल. मग हायड्रॉक्साइड मोकळा राहील. सोडियमच्या चौपट पळणारा."

आठ मिली झाले, नऊ झाले. चढ तसाच, सावकाश. साडेनऊला मला वाटलं, मीटरची द्रावणात बुडवलेली सेलच खराब असली तर? साडेदहाला आकड्यानं उडी घेतली. अकराला आणखी मोठी. सरांनी पट्टी मागून घेतली, दोन रेषा स्वतः ओढल्या. त्या दहाच्या रेघेवर एकमेकींना भेटल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, यंत्र घ्यायला हरकत नाही, मात्र शेठ, भाव कमी करा.

मी पिशवीतून पत्र काढून आलेखाशेजारी ठेवलं. "करतो. हे दोन शब्द तुमी खोडा, तेवढं कमी करतो."

सरांनी पेन उचललं, पत्राखालची स्वतःची सही बघितली आणि पेन परत खिशाला लावलं. मग म्हणाले, भाव आहे तोच राहू द्या.

यंत्र पास झालं. पत्र मी घडी घालून पुन्हा पिशवीत टाकलं.