तीस बाटल्यांची खूण

ताडकळसला माझं जनावरांच्या औषधांचं आणि खाद्याचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले लोक येतात. धनगरवाड्यावरची एक बाई दर बाजारी यायची. तिला मी मावशी म्हणायचे, ती मला ताई. पंधरा-वीस शेळ्या होत्या तिच्याकडं. पावसाळ्यात ओला हिरवा चारा खाऊन शेळ्यांची पोटं फुगतात, म्हणून पोटफुगीचं औषध तिला लागायचं. एकदा ती चार बाटल्या मागत होती. मीच म्हटलं, "चार कशाला नेता? एक न्या. कधीबी या, माझ्याकडं असतीच."

ते मी अगदी सहज बोलले होते.

माल मागवायची माझी पद्धत अशी, की फळी मोकळी दिसली की परभणीच्या होलसेलवाल्याला फोन करायचा. सहा वर्षं तसंच चाललं. त्या श्रावणात फळीवर सात बाटल्या होत्या. सात म्हणजे भरपूर, असं मला वाटलं. बाजाराच्या एका दिवसात पाच गेल्या. दोन उरल्यावर मी फोन केला. तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी टेम्पो येतो." दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही गेल्या. पुढं पुलावर पाणी आलं आणि टेम्पो पाचव्या दिवशी आला.

मावशी आली ती चौथ्या दिवशी, दुपारी. रिक्षातून उतरली ती पळतच आली.

"ताई, फुगीची बाटली द्या लवकर. शेळी सोयाबीनमदी घुसली व्हती. पोट लय ताठ झालंय."

"संपली ओ मावशी. उद्या येईल."

"उद्या?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमीच म्हनला व्हता की, कवाबी या म्हून."

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी सरकीची पेंड तोलत होते. मी म्हटलं, "पूर्णेला मिळंल." डॉक्टरांना फोन लावून द्यावा, खायचं तेल पाजायला सांगावं, यातलं काही मला त्या वेळी सुचलं नाही. ती गेल्यावर सुचलं. तोवर रिक्षा वळणापलीकडं गेली होती.

पूर्णेहून ती बाटली घेऊन पोचली तेव्हा शेळी गेलेली होती. गाभण होती. त्यांच्या वाड्यावरच्या एका गिऱ्हाइकानं पेंड नेताना सहज सांगितलं.

मावशीनं काही बोलायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं. भांडायला हवं होतं. ती आलीच नाही. मग एका दुपारी मी जुनी बिलं काढून बसले. पोटफुगीचं औषध पावसाळ्यात दिवसाला सरासरी चार बाटल्या जात होतं. माल यायला तीन दिवस. म्हणजे फोन केल्यापासून टेम्पो येईपर्यंतच बारा बाटल्या लागणार, आणि मी दोन उरल्यावर फोन करत होते! वर कधी खप वाढतो, दिवसाला सहापर्यंत जातो. कधी टेम्पोला पाच दिवस लागतात. दोन्ही एकदमच झालं तर सहा पंचे तीस. नेहमीच्या बारा आणि अडीअडचणीच्या अठरा. तीस उरल्या की मागवायचं, त्याच्या खाली वाट बघायची नाही. एवढाच हिशोब होता. पाढे येणाऱ्या कुणालाही जमला असता. सहा वर्षांत मी तो केला नव्हता.

तीस बाटल्या मांडून त्या जिथं संपतात तिथं फळीवर लाल रंगाची खूण केली. उन्हाळ्यात खप दिवसाला एक-दोनवर येतो, तेव्हा खूण दहावर आणायची. नाहीतर तारीख उलटून माल वाया जातो. जंताच्या औषधाचं, खनिज मिश्रणाचंही तसंच बसवलं. ज्याला महिन्यातून एखादंच गिऱ्हाईक, त्याला खूण नाही.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टेम्पो अडकला. फळीवर अकरा बाटल्या शिल्लक असताना माल आला. कुणाला परत पाठवावं लागलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

त्याच आठवड्यात मावशी आली. वर्षानं. मी तिला बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी माझी चूक झाली. मी माल ठेवायला पाहिजे होता. आता ठेवते. कधीबी संपत न्हाई."

"जाऊ द्या ताई. व्हायचं ते झालं." तिनं पदराची गाठ सोडली. "चार बाटल्या द्या."

"चार? लागल तशी न्या की. आता खरंच असते."

"आसू द्या," ती म्हणाली. "घरात असल्याल्या बऱ्या."

मी चार बाटल्या कागदात गुंडाळून दिल्या. तिनं त्या पिशवीत नीट उभ्या लावल्या, उरलेला चहा संपवला आणि रिक्षाकडं गेली.