पुढं गेलेला तास

सम्राट साळवेला गावात सगळे 'कॉम्प्युटरवाला' म्हणत. आधी कौतुकानं म्हणत. नंतर तोच शब्द लोक असा उच्चारू लागले, की त्याची आई पाण्याला जाताना वाट बदलून जाऊ लागली.

गाव सुप्यापासून आत, पारनेरच्या बाजूला. सम्राटचे वडील कोंडीराम गवंडी होते. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, पण त्यातल्या बऱ्याच घरांत त्यांना ओट्यावरच चहा मिळायचा. मुलानं हातात थापी धरू नये एवढीच त्यांची इच्छा. सम्राटनं नगरला आयटीआय केलं, वर कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्याला काम लागलं. ते काम त्याला मिळवून दिलं गोरक्षनं.

गोरक्ष त्याच गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. कारखान्यात फिटर होता. सम्राटपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, बोलायला कमी, आणि ज्याचं काम चोख त्याला मानणारा. सुपरवायझरला त्यानं एवढंच सांगितलं होतं, "पोरगा हुशार हाय. बघा बसवून." दोघं एकाच सायकलवर फाट्यापर्यंत जायचे, तिथून कंपनीची बस.

कारखान्यात गाड्यांचे गिअर कडक करायची भट्टी होती. जमिनीत खोल खड्डा, त्यात लोखंडी पिंप, वर झाकण. शनिवारी संध्याकाळी ती बंद व्हायची, रविवारभर निवायची. सोमवारी सकाळी गोरक्ष शिडीनं आत उतरून भिंतींवरची काजळी खरवडायचा, साडेआठपर्यंत वर यायचा. मग झाकण लागायचं. नऊ वाजता भट्टीत नायट्रोजन सोडला जायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते आणि माल जळत नाही. हा नायट्रोजन पूर्वी हातानं सोडत. शहाण्णवच्या डिसेंबरात पुण्याच्या एका कंपनीनं कॉम्प्युटर बसवला, तेव्हापासून ते काम वेळापत्रकानं व्हायला लागलं. दर सोमवारी, सकाळी नऊ, असं एकदा त्यात भरलं की दर आठवड्याला कॉम्प्युटर आपल्या घड्याळात बघून आपोआप व्हॉल्व्ह उघडायचा.

नळीवर हातानं बंद करायचा एक कॉकही होता. माणूस आत असताना तो बंद ठेवायचा असं ठरलेलं होतं. पण तो उंचावर, वरच्या फळीवर. पहिले दोन आठवडे कोणीतरी चढून बंद केला. नंतर सगळ्यांना वाटलं, गॅस नऊशिवाय येतच नाही, मग कशाला चढायचं.

हिवाळाभर एकदाही चूक झाली नाही.

एप्रिलचा पहिला सोमवार होता. गोरक्ष सव्वासातलाच आत उतरला होता. कॉम्प्युटरचा ऑपरेटर सम्राट. त्यानं पावणेआठच्या सुमाराला आपल्या खोलीत तो चालू केला. पडदा उजळला आणि मधोमध इंग्रजीत एक चौकट आली. घड्याळाबद्दल काहीतरी होतं. त्या कॉम्प्युटरवर रोजच कसल्या ना कसल्या चौकटी यायच्या, आणि कारखान्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की अशी चौकट आली की ओके दाबायचं. त्यानं ओके दाबलं. चौकट गेली. मग तो वही घेऊन मागच्या बाजूला नायट्रोजनच्या टाकीकडे दाब बघायला गेला.

टाकीवरचा काटा हलताना त्यानं पाहिला. गॅस कुठंतरी चालला होता. त्यानं हातातलं घड्याळ बघितलं, नुकते कुठं आठ वाजले होते. गळती असावी असं वाटून तो नळीच्या कडेकडेनं आत आला, आणि भट्टीजवळ आल्यावर त्याला व्हॉल्व्हचा बारीक आवाज ऐकू आला.

त्यानं खड्ड्यात वाकून हाक मारली. गोरक्ष खाली बसलेला दिसत होता, भिंतीला टेकून, खरवडणी मांडीवर. थकून बसावा तसा. नायट्रोजनला रंग नसतो, वास नसतो. त्यानं गुदमरल्यासारखंही होत नाही, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. सम्राटनं शिडीवर पाय टाकला, तेवढ्यात भिमाजीनं त्याला मागून कमरेला धरून ओढलं. भिमाजी म्हणजे भट्टीवरचा जुना कामगार. तो ओरडला नाही, नुसता धरून राहिला. कोणीतरी वर चढून कॉक बंद केला. आत हवेचा पाइप सोडून, दोर बांधून गोरक्षला वर काढेपर्यंत फार वेळ गेला होता.

चौकशी झाली. कॉम्प्युटरचं घड्याळ तासभर पुढं सापडलं. म्हणजे त्याच्या हिशेबानं नऊ वाजलेच होते. पुण्याला फोन केला, तर तिकडून सांगण्यात आलं की घड्याळ असं आपोआप पुढं जात नाही, कोणीतरी बदललं असणार. कॉम्प्युटरच्या खोलीत फक्त सम्राट बसायचा. त्यानं चौकटीचं सांगितलं. साहेबांनी सगळ्यांसमोर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. चौकट आली नाही. तीन वेळा केला, तरी आली नाही.

साहेबांनी घड्याळ हातानं तासभर मागं घेतलं आणि कागदावर लिहिलं की ऑपरेटरनं काम लवकर उरकण्यासाठी वेळेशी छेडछाड केली. पोलिसांनी दोनदा बोलावून जबाब घेतला. पुढं काही झालं नाही, पण कामावरून त्याला काढून टाकलं.

गावात त्याहून वाईट झालं. गोरक्षची आई झुंबरबाई साळव्यांच्या दारासमोर येऊन मटकन खाली बसल्या आणि तिथंच रडत राहिल्या. त्यांनी शिवी दिली नाही. शिव्या दुसऱ्यांनी दिल्या. ज्यानं हात धरून नेलं त्यालाच मारलं म्हणाले, आणि यांना खुर्चीवर बसवलं की असंच होतं, असंही म्हणाले. कोंडीरामांना गावातलं काम मिळेनासं झालं. ते पोराला घेऊन सुप्याच्या पलीकडे बांधकामांवर जाऊ लागले. आपल्या मुलाच्या हातात त्यांनी स्वतः थापी दिली, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सम्राटला सर्वांत जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीनं. हळूहळू त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. चौकट खरंच आली होती का? की आपणच काहीतरी दाबलं आणि मनानं चौकट रचली? आईला तो पुन्हा पुन्हा त्या चौकटीबद्दल सांगायचा, आणि दर वेळी चौकटीतले शब्द त्याला कमी आठवायचे.

दिवाळीच्या आठवड्यात एका दुपारी भिमाजी बांधकामावर आला. त्याच्यासोबत एक बाई होती, रश्मी खरे, पुण्याच्या त्या कंपनीतली इंजिनिअर. सम्राट विटा भिजवत होता. ती वाळूच्या ढिगापाशी उभी राहिली.

मग तिनं सांगितलं. त्याच आठवड्यात सोमवारी नव्या ऑपरेटरनं कॉम्प्युटर चालू केला आणि चौकट आली. त्यानं ती तशीच ठेवून सुपरवायझरला बोलावलं. घड्याळ या वेळी तासभर मागं गेलेलं होतं. गॅस नऊऐवजी दहाला सुटणार होता. तिला पुण्याहून बोलावून घेतलं.

कॉम्प्युटरला आपण कोणत्या देशात आहोत हे सांगावं लागतं, ती म्हणाली. बसवताना ते कोणी सांगितलंच नव्हतं. मूळचं अमेरिकेतलं ठिकाण तसंच राहिलं, आणि काटे तेवढे आपल्या वेळेला लावले गेले. अमेरिकेत एप्रिलच्या पहिल्या रविवारी सगळी घड्याळं तासभर पुढं करतात, उन्हाळ्यापुरती, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं घेतात. कॉम्प्युटरनं तेच केलं. हिवाळ्यात काही फरक पडला नाही, म्हणून कोणाला कळलं नाही. वेळापत्रकात 'सोमवार नऊ' होतं, ते तसंच राहिलं. सरकलं ते घड्याळ, ज्यात बघून कॉम्प्युटर गॅस सोडायचा.

"आणि चौकट?" सम्राटनं विचारलं.

"घड्याळ बदललं की एकदाच येते. ओके दाबलं की पुन्हा दिसत नाही." ती म्हणाली. "एप्रिलमध्ये फोनवर मीच बोलले होते. घड्याळ आपोआप बदलत नाही असं मीच सांगितलं. मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं."

सम्राटनं हात पुसले. तिच्यावर रागवावं असं त्याला आतून वाटेना. तिनं कंपनीला सगळं लिहून दिलं होतं. कारखान्यानं घड्याळ आपोआप बदलायची कॉम्प्युटरमधली खूण काढून टाकली, ठिकाण बदललं आणि ते कागद कपाटात ठेवले. सम्राटला परत बोलवायचा विषय तिनं काढला होता. साहेब म्हणाले होते, झालं ते झालं, आता कशाला उकरायचं.

दुसऱ्या दिवशी सम्राट गोरक्षच्या घरी गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. गोरक्षची बायको विजयमाला अंगणात बाजरी निवडत होती. तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. तो उभ्यानंच सगळं सांगत गेला. अमेरिका, घड्याळ, तास. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजी तू केलं न्हाईस."

"न्हाई वहिनी."

"पन ती चौकट आली, तवा तिच्यात घड्याळाचं लिवलं हुतं?"

"व्हय."

"आन् तू वाचलं न्हाईस."

सम्राट म्हणाला, "न्हाई वाचलं."

"मग मी कुनाला धरू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुला सोडलं, तर कुनाला धरू? अमेरिकेला?"

झुंबरबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्यांना यातलं काय कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, "पानी दे त्येला," आणि विजयमालानं तांब्या आणून दिला. तो अंगणात उभ्यानंच पाणी प्यायला.

त्यानंतर गावातल्या शिव्या थांबल्या, पण कोणी काही परत घेतलं नाही. भिमाजीनं चार ठिकाणी खरी हकीकत सांगितली. लोकांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, असंल बाबा, कॉम्प्युटरचं काय सांगावं. विजयमालाच्या वतीनं कामगार कोर्टात केस झाली, तेव्हा साक्षीला सम्राट आणि रश्मी दोघंही गेले. साक्षीत त्यानं उंचावरचा कॉक कोणी बंद करत नसल्याचं सांगितलं, ओके दाबल्याचंही सांगितलं. कारखान्याच्या वकिलानं नेमकं तेवढंच उचललं आणि त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारलं. त्यानं दर वेळी होय म्हटलं. निकाल लागेपर्यंत झुंबरबाई गेल्या होत्या.

पुढं सम्राट सोनईकडे एका साखर कारखान्यात लागला. खुर्चीवरचं काम त्यानं मागितलं नाही. टाक्यांच्या दुरुस्तीवर घ्या म्हणाला. तिथं माणूस टाकीत उतरायचा असला की तो आधी स्वतः वर चढून कॉक बंद करतो, त्याला कुलूप घालतो आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात घालतो. नवी पोरं हसतात. सुट्टीला तो गावी येतो, तेव्हा फाट्यावर कधी विजयमाला भेटते. ती सुप्याला एका कॅन्टीनमध्ये कामाला जाते. दोघं एकाच झाडाखाली बसची वाट बघत उभे राहतात. ती त्याच्या आईची तब्येत विचारते. तो सांगतो. बस आली की ती पुढच्या दारानं चढते, तो मागच्या.