चार शायांचा काळा

माझ्या हातून एका माणसाचे डोळे जाता जाता राहिले. मी डॉक्टर नाही. नांदेडात माझं डीटीपीचं दुकान आहे: लग्नपत्रिका, कार्यअहवाल, कधीमधी एखादं पुस्तक.

ते पुस्तक माझ्या शाळेतल्या सरांचं होतं. सर देगलूरचे, निवृत्त. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच टोपलीत मिळतात, म्हणून सरांनी चाळीस वर्षं बाजारात फिरून या तिन्ही भाषांचे शब्द गोळा केले. डाव्या रकान्यात मराठी, शेजारी तेलुगू, मग कानडी. एक ओळ सोडून एक ओळ फिक्या पिवळ्या पट्टीवर, कारण सरांना काचबिंदू होता आणि पिवळ्यावरचं काळं त्यांना बरं दिसायचं. पहिला भाग छापायला जायचा होता, दुसऱ्याच्या सहा वह्या त्यांच्या घरी भरत होत्या.

"डोळे हायत तवर दोन्ही भाग उरकायचे," असं ते म्हणायचे.

छपाई लातूरला होणार होती. पहिली सोळा पानं चाचणी म्हणून छापून आली. मी पत्रिकांच्या गर्दीत होते, वरवर बघितली आणि देगलूरला पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

"पोरी, अक्षरं जरा पसरल्यावानी दिसून राहिलीत. छपाईत तर काही न्हाई ना?"

माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं की माझा पारा चढतो. समोर कोण आहे याचं भान राहत नाही. मी म्हटलं, "सर, छपाई चोख आहे. तुम्ही चष्म्याचा नंबर बघून घ्या."

ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी सर स्वतः दुकानात आले. एका हातात बशीएवढं नवं भिंग, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत सहाही वह्या.

"भिंगानं तर आणखीच पसरतंय. म्हंजे डोळ्यांचंच हाय. डॉक्टर म्हणलेच होते, एकदा गेलेलं परत येत न्हाई. हे पुढचं तू बघ. जमलं तर कर, न्हाई तर राहू दे."

त्यांनी चहा घेतला, शाळेच्या दोन आठवणी काढून मला हसवलं आणि चारच्या गाडीने गेले. वह्या टेबलावर राहिल्या. मला वाईट वाटलं, पण शंका आली नाही. आमच्याकडे म्हणतात ना, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.

पुढची पानं पास करायला मी लातूरला गेले. तिथले मशीनवाले चाचा तीस वर्षं शाईत हात घालून उभे आहेत. माझ्या कागदावर त्यांनी आपलं छोटं भिंग ठेवलं आणि मला म्हणाले, "देख बेटा. तुझा 'क' किती रंगाचा हाय?"

मी वाकून बघितलं. काळ्या 'क'च्या एका अंगाला निळी किनार, दुसऱ्या अंगाला गुलाबी. शिरोरेषेवर रंगीत झालर. अनुस्वाराचा ठिपका तर तीन ठिपक्यांचा झाला होता.

"अक्षर काळं हाय ना? मंग चार शाया कायको?" चाचा म्हणाले. "आपली मशीन दोन रंगांची. कागद दोनदा जातो. मधी हवा खातो, केसभर फुगतो. चार शायांच्या चार प्लेटी एकमेकींवर तंतोतंत कशा बसतील? फोटोत चालतं. बारीक अक्षरात न्हाई चालत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि लाजही वाटली. पत्रिकांवरचं वधूवरांचं नाव भरगच्च दिसावं म्हणून मी माझा एक खास काळा बनवून ठेवला होता: निळा साठ टक्के, गुलाबी चाळीस, पिवळा चाळीस आणि काळा शंभर. बोटभर उंचीच्या अक्षरांना तो शोभतो. सवयीने तोच मी सरांच्या दहा पॉइंटच्या बारीक शब्दांना लावला होता. पडद्यावर झकास दिसलं, दुकानातल्या प्रिंटरवरही झकास. आणि मी एका काचबिंदूच्या माणसाला सांगितलं होतं, नंबर तपासा!

तिथूनच सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते हसले. "तुला लहानपणापासून मन राखता येतं," म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही.

दुकानात येऊन मी पानांच्या माथ्यावरचे पांढरे मथळे सोडून बाकी सगळा मजकूर निव्वळ काळा केला. काळा शंभर, बाकी तिन्ही शून्य. आता अक्षर एकाच प्लेटवर, मग झालर येणार कुठून? खूश होऊन फाइल चाचांना पाठवली. तासाभरात त्यांचा फोन.

"अक्षर सुधारलं. पण पिवळ्या पट्टीत अक्षराच्या आकाराची भोकं हायत. काळी प्लेट जरा सरकली की पांढरी रेघ दिसंल. पिवळा खाली सलग राहू दे, काळा त्याच्यावर छाप."

त्याला ओव्हरप्रिंट म्हणतात. सॉफ्टवेअरचा आपला मूळ काळा ते आपोआप करतो, पण मी शहाणपणा करून नवा काळा बनवला होता, त्याला ते सांगावं लागतं. मी सगळा मजकूर एकदम निवडून ओव्हरप्रिंट लावलं आणि प्रीव्ह्यूत बघते तर लाल पट्ट्यांवरचे पांढरे मथळे गायब! पांढरा म्हणजे शाईच नाही, तो लालवर काय छापणार? मथळ्यांचं ओव्हरप्रिंट काढलं. मग पीडीएफमध्ये काळी प्लेट बंद करून पानन्‌पान तपासलं. अक्षरं सगळी नाहीशी, पिवळ्या पट्ट्या अखंड, एकही भोक नाही. पाटी धुऊन पुसल्यासारख्या.

चाचांनी तीच सोळा पानं पुन्हा छापली. ती घेऊन मी स्वतः देगलूरला गेले.

सर ओसरीत बसले होते. चष्मा नेहमीचाच. त्यांनी कागद हातात घेतला आणि म्हणायला लागले, "दूध, पालु, हालु. मीठ, उप्पु, उप्पु." मग थांबले.

"याचा काय उपयोग? हे समदं मला पाठच हाय. डोळे मिटून बी म्हणीन."

हे ते म्हणणार, हे मला ठाऊक होतं. "सर, सगळ्यात शेवटची पिवळी पट्टी बघा," मी म्हटलं.

तिथे मी सात पॉइंटमध्ये, सगळ्यात बारीक, एक ओळ घातली होती. ती सरांनी लिहिलेली नव्हती आणि कधी ऐकलेलीही नव्हती. ही ओळ वाचली गेली नाही तर माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं.

सरांनी कागद उजेडात धरला. बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक शब्द जोडत वाचलं:

"आधीची पानं... अंधुक होती... ती छापणाऱ्यांमुळे नाही, सरांच्या डोळ्यांमुळे तर... मुळीच नाही. चूक... अक्षरजुळणी करणारीची. सरांनी... माफ करावं."

ते पुन्हा एकदा वाचून बघितलं त्यांनी, यावेळी न अडखळता. मग चष्मा काढून डोळे पुसले, परत लावला. माझेही डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

"ही ओळ काढायची न्हाई हं," सर म्हणाले. "अन् ते भिंग तुला घे. पाठवायच्या आधी बघत जा."

"हो सर."

"माझ्या वह्या कुठं हायत?"

वह्या मी पिशवीतून बरोबरच आणल्या होत्या.