डिक्शनरी न लागणारं इंग्रजी

माझं इंग्रजी चांगलं आहे असं शिरूरमध्ये मला कधी कुणी म्हटलं नाही. मराठी शाळा, पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी, पुढे रडतखडत कॉमर्सची पदवी. टायपिंग बरं होतं म्हणून सणसवाडीच्या एका कंपनीत चिकटलो. कंपनी लोखंडाच्या व्हॉल्व्ह-बॉड्या, म्हणजे व्हॉल्व्हची बाहेरची कवचं, बनवायची आणि त्यातला बराच माल इटलीला जायचा. ईमेल तेव्हा नवीन होता. अख्ख्या कंपनीत इंटरनेटचा कॉम्प्युटर एकच, तो मालकांच्या केबिनमध्ये, आणि टेलिफोनच्या लायनीवर तो किंचाळत किंचाळत जोडला जायचा.

मालक पुण्याचे, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेले. ते खुर्चीत मागे रेलून मेल सांगायचे आणि मी टाइप करायचो. त्यांच्या एका वाक्यात चार ओळी असत आणि शेवटी काय करायचं ते वाचणाऱ्याने शोधायचं. तिकडे ते मेल वाचणारी खरेदी खात्यातली एक बाई होती. ती इंग्रजी माझ्यासारखंच पुस्तकातून, मोठेपणी शिकलेली. एकदा मालकांनी लिहायला लावलं की कंटेनर बंदराकडे निघालाय आणि टच वुड, जहाज वेळेत सुटेल. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं: मालाला लाकूड अजिबात टेकू देऊ नका, लाकडाच्या ओलीने गंज चढतो, पॅकिंगचे फोटो ताबडतोब पाठवा. मालक खो खो हसले. म्हणाले, "अडाणी आहे बाई." मला हसू आलं नाही. त्या दोन शब्दांचा अर्थ मलाही कॉलेजात कुणीतरी सांगितला म्हणून माहीत होता.

पुढच्या महिन्यात मालक परगावी होते तेव्हा तीन-चार मेल मी माझ्या अकलेने लिहिले. बाईंनी उत्तरात खाली एक ओळ घातली, की तुमचं पत्र मला डिक्शनरी न उघडता समजलं, आभारी आहे. मालकांनी ती ओळ वाचली, खांदे उडवले आणि इटलीचा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात टाकला. त्यांच्या मते ते हलकं काम होतं.

मी मात्र त्या कामाला झपाटल्यासारखा भिडलो. एका मेलमध्ये एकच विषय. एका वाक्यात एकच गोष्ट. तारखेत महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहायचा. बॉडीला एकदा बॉडी म्हटलं की शेवटपर्यंत बॉडीच म्हणायचं. पहिल्या ओळीत बॉडी, दुसरीत कास्टिंग, तिसरीत पीस असं लिहिलं तर बाईंना वाटायचं तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. प्रश्न विचारायचे तर नंबर घालून, आणि होय-नाहीत उत्तर येईल असे. 'प्रयत्न करू' हे शब्द मी बंद केले. आपल्याकडे कुणी प्रयत्न करू म्हणाला की समोरचा समजून जातो, हे काही होत नाही. बाई ते होकार म्हणून धरून बसायच्या. 'काम केलं जाईल' असंही लिहायचं नाही. कोण करणार, कधी करणार, ते सरळ सांगायचं.

असं लिहायचं तर आधी आपल्याला खरं काय ते माहीत पाहिजे. तिथेच माझी पंचाईत व्हायची. शॉपवर, म्हणजे खाली मशिनींकडे, कुणालाही विचारा, "माल रेडी आहे का?" उत्तर ठरलेलं, "रेडी हाय." रेडी म्हणजे ओतलेला, की मशीनवर झालेला, की तपासलेला, की पेटीत भरलेला, याचा पत्ता नाही. म्हणून मी स्वतः जाऊन मोजायला लागलो आणि मेलमध्ये चार आकडे वेगवेगळे द्यायला लागलो. सुपरवायझर मला बघितलं की तोंड फिरवायचे. एकटे आप्पा तेवढे मला स्टूल द्यायचे.

आप्पा खुटबावचे. तपासणी खात्यात ते कंपनी सुरू झाल्यापासून होते. सणसवाडीत दोघा बिहारी पोरांबरोबर एका खोलीत राहायचे, सुट्टीला दौंडकडे गावी जायचे. त्यांचं काम प्रत्येक बॉडीची तोंडं बंद करून आत हवा भरायची, ती पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि पूर्ण एक मिनिट बघत बसायचं. बुडबुडा आला की तांबडा रंग. शिक्षण सातवीपर्यंत. मला म्हणायचे, "भाई, तुमी सोता बगितल्याबिगर काय लिवत न्हाई, ह्ये बरं करता." माझ्या इंग्रजीला इटलीबाहेर मिळालेली दाद तेवढीच.

एका लॉटमध्ये बुडबुडे यायला लागले. ओतकामातच हवा अडकून आत बारीक छिद्रं राहिली होती. आप्पांनी सगळ्या पेट्यांवर तांबडी कार्डं लावली आणि मालकांकडे जाऊन सांगितलं, हा माल जाऊ देऊ नका. कंटेनर दारात उभा होता. मालक म्हणाले, "पाण्यात बुडवून कोण बघतंय तिकडे?" कार्डं काढली गेली. तपासणीच्या कागदावर सही करायला आप्पांनी नकार दिला, तर मालकांनी स्वतःच काहीतरी गिरगटलं. मी तिथे होतो. मी सगळं डोळ्यांनी पाहिलं आहे, हे इथे लिहून ठेवतो.

तिकडे पाण्यात बुडवून बघणारे निघाले. बाईंचा मेल आला, नंबर घालून, अगदी माझ्या पद्धतीने. एक, बॉड्या गळतात. दोन, कारण काय? तीन, पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करणार?

मालकांनी मला बसवलं. म्हणाले, "लिही, इन्स्पेक्टरने तपासलं नाही."

मी म्हणालो, "साहेब, आप्पांनी तर माल अडवला होता."

"मला माहितीये. मग काय लिहू, मी पाठवला म्हणून? ऑर्डर गेली तर तुझ्यासकट सगळे घरी बसाल. आणि आप्पाला काही होत नाही रे. नावसुद्धा घालायचं नाही. चार दिवस दुसऱ्या खात्यात बसवू." मग म्हणाले, "मी लिहिलं तर ती शंका घेईल. तू लिहिलंस तर मानेल."

हे शेवटचं वाक्य मला गोड लागलं. घाबरलो होतो हे खरं, घरी धाकट्या बहिणी होत्या हेही खरं, पण ते वाक्य गोड लागलं हे जास्त खरं आहे. मी लिहायला बसलो आणि लिहिताना माझी रोजची हुशारी चालू राहिली. लांब वाक्य तोडलं. शंका येईल असा शब्द काढला. कोणी काय केलं, आम्ही काय करणार, ते सरळ घातलं. वाचून पाहिलं तर मेल पाण्यासारखा स्वच्छ होता. मला त्याचा अभिमान वाटला. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाईंनी मानलं. साध्या शब्दांत लिहिणारा माणूस खोटं लिहील असं तिला वाटलंच नाही. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही चुकीचा आकडा दिला नव्हता, ती सगळी पुण्याई मी एका दुपारी आप्पांच्या डोक्यावर ओतली.

तरीही प्रकरण तिथे मिटलं असतं. मालक आप्पांना खरोखर काढणार नव्हते. असा माणूस त्यांना तेवढ्या पगारात कुठे मिळणार होता? त्यांच्या जुन्या इंग्रजीत 'संबंधितांवर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे' असं गेलं असतं, तर त्यातून कुणालाच काही कळलं नसतं आणि आप्पा टाकीजवळच्या स्टुलावर बसून राहिले असते. पण माझ्या मेलमध्ये काय करणार ते स्पष्ट होतं. त्यामुळे आठवड्याने बाईंनी विचारलं: इन्स्पेक्टर बदलला का? होय किंवा नाही. तिचे साहेब एका महिन्यात कंपनी बघायला येणार होते. मालक म्हणाले, "आता काढावंच लागेल." मी 'येस' टाइप केलं. पुढे पूर्णविराम दिला.

आप्पांना त्याच शनिवारी काढलं. पन्नाशी उलटलेला, न तपासल्याबद्दल काढलेला इन्स्पेक्टर. ही बातमी सणसवाडीत एका शिफ्टमध्ये सगळ्या गेटांवर पोचते. दोन-तीन ठिकाणी ते गेले, वॉचमननेच परत पाठवलं. मग खोली सोडून गावी गेले.

तीन आठवड्यांनी मी खुटबावला गेलो. शिरूरहून निघाल्यापासून काय बोलायचं ते जुळवत होतो. आप्पा घरीच होते. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. आप्पांनी माझ्या बहिणींची चौकशी केली, आणि मी सुरू झालो. म्हणालो, "आप्पा, त्या मेलमध्ये तुमच्याबद्दल तसं काही नव्हतं. इंग्रजीत जरा वेगळी पद्धत असते. तपासणीच्या प्रक्रियेत काही त्रुटी राहून गेल्या असाव्यात, अशा अर्थाचं होतं. त्यांनीच तिकडे वेगळा अर्थ काढला."

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी मालकांची भाषा मराठीत बोलतोय. आयुष्यात इतकं गुळगुळीत मी कधी बोललो नव्हतो.

माझं संपल्यावर आप्पा उठले आणि कपाटातून घडी घातलेला एक कागद घेऊन आले. मालकांनी तो मेल छापून तपासणीच्या खोलीत, येणाऱ्या नव्या माणसाला धाक म्हणून लावला होता. शेवटच्या दिवशी आप्पांनी तो भिंतीवरून काढून आणला होता.

"भाई, मला इंग्रजी येत न्हाई," ते म्हणाले. "समद्यांची कागदं इतकी वर्सं बगितली, येक वळ कवा कळली न्हाई. म्हन्लं ह्ये बी कुनाकडनं तरी वाचून घ्यावं लागंल."

मग त्यांनी चष्मा लावला, शब्दांखाली बोट धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवत, कुठेही न चुकता वाचलं:

"द इन्स्पेक्टर... डिड नॉट... टेस्ट... द बॉडीज. वी विल... चेंज... द इन्स्पेक्टर."

बोट शेवटच्या टिंबावर थांबलं. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं.

"लई सोपं लिवलं व्हतं," आप्पा म्हणाले. "मला बी कळलं."