दहा ठोक्यांचा श्वास

आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहाला अक्कांचा योगवर्ग भरतो. अक्का बेळगावकडच्या, इथे बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये पंचवीस वर्षं राहिलेल्या. शेवटची पंधरा मिनिटं त्या दीर्घ श्वसन घेतात. चार आकडे मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मोजतात त्या स्वतः, मोठ्यानं. गेल्या वर्षी त्यांचा घसा पार बसला, आणि डॉक्टरांनी महिनाभर बोलायचंच नाही असं सांगितलं. मोजायला कुणी नसेल तर महिनाभर वर्ग बंद ठेवावा लागणार होता. एकदा बंद पडलेला वर्ग पुन्हा भरत नाही, ही त्यांची धास्ती त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवली.

माझ्या वहीत लगेच यादी झाली. पहिला उपाय, मी मोजते. तो एका सकाळी निकालात निघाला. मला कुठलीच गोष्ट सावकाश जमत नाही. पाचव्या श्वासापर्यंत मी इतकी वेगात पोचले की मागच्या रांगेतल्या बाई धापा टाकत उठून बसल्या. दुसरा उपाय, यंत्र. मोबाइलच्या अॅपमध्ये मिनिटाला साठ ठोक्यांची लय लावली, म्हणजे एक ठोका एक सेकंद. दहा ठोक्यांचा एक श्वास, मिनिटाला सहा. श्वास आत घ्यायचा तिथे एक बारीक घंटी, सोडायचा तिथे दुसरी, जरा खर्जातली. नुसत्या घंट्या रुक्ष वाटल्या म्हणून खाली बासरीची एक तयार चाल लावून दिली. चार ठोके चढणारी, चार उतरणारी, पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा विचका झाला. श्वास अर्धा सोडून लोक मध्येच आत घेत होते, कुणी डोळे उघडून शेजाऱ्याकडे बघत होतं. अक्का काही बोलू शकत नव्हत्या. त्यांनी पाटीवर फक्त 'सरी' लिहिलं, म्हणजे कानडीत असू दे. ते वाचून मला जास्त वाईट वाटलं.

पण एक गंमत माझ्या लक्षात आली होती. मधूनच सगळा हॉल एकदम, एका छातीनं श्वास घ्यायचा, आणि पुन्हा फिसकटायचा. तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात घड्याळ घेऊन बसले आणि त्या वेळा टिपल्या. चाळीस सेकंद. एक मिनिट वीस. दोन मिनिटं. दोन चाळीस. बरोबर चाळीसच का?

तिसऱ्या मजल्यावरचे काका सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, तरुणपणी तबला वाजवायचे. वर्गात ते माझ्याच शेजारी बसतात. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी मांडीवर बोटांनी ताल धरून पाहिला आणि हसले.

"वहिनी, घंटी दहाची आणि चाल आठची. चाळिसाव्याला दोघी एकत्र संपतात, मधे आपापल्या वाटेनं. वर्ग बिचारा दोन घरचा पाहुणा, उपाशी राहणारच."

म्हणजे नवव्या ठोक्याला बासरी वर चढायची आणि सोडायचे दोन ठोके शिल्लक असतानाच लोक श्वास आत घ्यायचे. कान घंटीचं ऐकत होते, छाती चालीचं. हे मला फारच नवलाचं वाटलं.

काका म्हणाले, दहा मात्रांचा झपताल लावू. लावला. आता लोक सहाव्या मात्रेला श्वास सोडायला लागले, कारण तालाची 'खाली', म्हणजे बिनटाळीची हलकी मात्रा, तिथे येते. पाच आत, पाच बाहेर. दहाची बेरीज जुळली तरी वाटणी जुळली नव्हती. शेवटी तबला काढून टाकला. तानपुऱ्यावर काकांच्या सुनेनं नुसता 'आ'कार गायला: चार ठोके चढत, सहा ठोके उतरत, कुठेही झटका नाही. पहिली दोन मिनिटं लय बहात्तरची ठेवली, मग सहासष्ट, मग साठ. एकदम सहा सेकंद श्वास सोडणं नवख्यांना जड जातं.

ते गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि पुढच्या सोमवारी तो ट्रॅक लावला. मी वही उघडून बसले होते, पण टिपायला काही मिळालं नाही. सगळा हॉल एकत्र भरत होता, एकत्र रिकामा होत होता. मागच्या रांगेतल्या बाईसुद्धा.

महिन्यानं अक्कांचा आवाज परतला. आता ट्रॅक बंद करायचा ना, मी विचारलं.

"नको," त्या म्हणाल्या. आवाज अजून स्वल्प खरखरीत होता. "इतकी वर्षं तुम्ही श्वास आत घेताना मी बोलत होते. तुमच्याबरोबर मी एकदाही घेतला नव्हता. आता मला पण बसू दे की."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याच रांगेत बसल्या. ट्रॅकचं बटण दाबायचं काम माझ्या यादीत पहिलं लिहिलंय.