दोन महिने आणि एक आठवडा

मी ज्यांना आबा म्हणायचो ते माझे कुणी नव्हते. चंदगडकडून पेडण्यात आलो तेव्हा आठवीतून शाळा सोडलेली. तुयेच्या कारखान्यात पॅकिंगला लागलो आणि जवळच्याच गावात त्यांच्या घराची बाहेरची खोली मिळाली. पहिल्याच पावसात मला ताप भरला. वैनी, म्हणजे त्यांची सून, पेज करायची आणि आबा ती कुलेरने माझ्या तोंडात घालायचे. घरी आईला फोन करून मी सांगितलं, इथं माणसं चांगली आहेत. त्याच्या पलीकडे मला सांगता आलं नाही.

आबांची घरामागे चढावर थोडी जागा होती. पावसाळ्यात तिथं दोडकी, काकडी, आणि सात शिरांची भेंडी. बाजारातल्या भेंडीला पाच शिरा असतात. ही हातभर लांब, फिकट हिरवी, आणि बोट फिरवलं की सात धारा लागतात. बी त्यांचं स्वतःचं, राखेत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं. त्यांच्या घरची रीत अशी की ही भेंडी पहिल्यांदा चवथीच्या माटोळीला बांधायची, गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला रानातल्या फळांसोबत, आणि नंतरच घरच्यांनी खायची. त्याआधी एकसुद्धा नाही. शिफ्ट सुटली की मी त्यांच्या हाताखाली वाफे करायचो. ते मला "घाट्या" म्हणायचे. रागाने नाही.

"घाट्या, तुमच्या गावाक चवथ असता काय रे?"

"असते की आबा. मोदक पण असतात."

"माटोळी खंय असता? माटोळी नाय तर कसली चवथ!"

गेल्या शिमग्यानंतर त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत. खाटेवरून त्यांना जनेलातून वाफ्यांचा एक कोपराच दिसायचा. मे महिन्यात त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं की यंदाची भेंडी मी घालायची.

"चवथ सत्तावीस ऑगस्टाक," ते म्हणाले. "तेच्या मागे दोन म्हयने आनी एक आठवडो मोज. वीस जून येता. मिरगातच घाल." मग थांबून म्हणाले, "यंदा माका खावची आसा."

पुढच्या वर्षीचं ते काही बोलले नाहीत. 

आता चूक सांगतो. माझी शाळा अर्धी राहिली म्हणून छापलेल्या कागदाचा मला फार धाक वाटतो. मांद्र्याला एकाच्या मळ्यात मी सुट्टीच्या दिवशी काम केलं होतं, तिथलं भेंडीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट माझ्याकडे होतं. त्यावर लिहिलेलं, पेरल्यापासून पहिली तोड पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस दिवसांनी. मी बोटांवर हिशेब केला. वीस जूनला घातली तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच भेंडी लागणार. ती कुणी खाणार नाही, झाडावर राठ होणार, आणि शेंगा राठ झाल्या की झाड पुढे धरायचं थांबतं. मग चवथीला कोवळी कुठून आणायची? आबांचा हिशेब जुन्या काळातला असेल, असं मला वाटलं. पाच जुलैला घातली तर अठ्ठेचाळीस दिवसांनी बावीस ऑगस्ट. वर पाच दिवस हाताशी. एवढं नीट जमलं याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं.

पण ते पाकीट दुसऱ्या बियाण्याचं होतं. दिवस त्या बियाण्याचे होते, डब्यातल्या बियाण्याचे नव्हते. ही इतकी साधी गोष्ट मला कळली नाही.

वीस जूनला संध्याकाळी आबांनी विचारलं, "घातलस?"

मी म्हणालो, "घातली."

समजावत बसलो असतो तर त्यांना राग आला असता, जीव लागून राहिला असता, म्हणून. असं मी स्वतःला सांगितलं. डबा मात्र मी माझ्या खोलीत अंथरुणाखाली ठेवला होता. पाच जुलैला बी रात्रभर भिजवून सकाळी वाफ्यात टोचलं. सहाव्या दिवशी उगवलं. जनेलातून दिसणाऱ्या कोपऱ्यात मी मुद्दाम काही घातलं नाही.

आबांनी वैनीला भिंतीवरच्या कालनिर्णयावर वीस जूनपासून रोज एक फुली मारायला लावली. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की फुली. वैनी चेष्टा करायची.

"मामंजीन् माका शाळेत घातल्यांनी," म्हणायची. "एक दिवस चुकलंय तर बाकार उबी करतले."

"आज कितवो?" आबा विचारायचे.

"चाळीस."

"कळो येवक वेळ आसा अजून," ते म्हणायचे, आणि मला हायसं वाटायचं. माझ्या मोजणीने तो पंचविसावा दिवस असायचा. मी रोज दोन मोजण्या करायचो, त्यांची आणि माझी, आणि कारखान्यात खोके चिकटवताना त्या एकमेकांत मिसळायच्या.

पंधरा ऑगस्टला सुट्टी होती. आबा मला म्हणाले, "आज नायतर उद्या फूल दिसाक होया. पिवळा. मदी तांबडा. बघून ये."

त्यांची फुली सत्तावन्नावर आली होती. माझा बेचाळिसावा दिवस. पाकिटाप्रमाणे माझ्याही झाडांना फूल यायला हवं होतं. मी वाफ्यात गेलो. झाडं गुडघ्याच्या वर, पानं मोठी, हिरवीगार. एकही कळी नाही. प्रत्येक झाडाच्या शेंड्यात बोट घालून बघितलं. पाऊस लागून राहिलेला, ऊन नाही, त्याचंही असेल. पण मला तिथंच, चिखलात उभं असताना, ते पाकीट आठवलं आणि कळलं.

आत गेलो. म्हणालो, "नाही आबा. अजून कळी नाही."

 ते डाव्या हाताने बोटांची पेरं मोजू लागले. एकदा मोजली. परत मोजली. वैनीला कालनिर्णय खाली काढून आणायला लावलं, फुल्या मोजायला लावल्या. बरोबर होत्या.

"मग माजा मोजणाच चुकला," ते म्हणाले. "माजी पंचेचाळीस वर्सां कदी चुकाक नाय. आता चुकला. डोक्याक पण झटको बसलो मरे घाट्या."

तेव्हाच सांगायचं होतं. वैनी समोर उभी होती, मला तिची भीती वाटली. खोली जाईल, असं मनात आलं. एवढंच कारण होतं, मोठं काही नाही. मी म्हणालो, "पावसामुळे असेल आबा." त्यांनी मान हलवली. त्या दिवसानंतर त्यांनी "आज कितवो" विचारलं नाही. वैनी सवयीने फुली मारत राहिली.

चवथीच्या आदल्या दिवशी माझ्या झाडांना बारीक कळ्या आल्या होत्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या. वैनीने पेडण्याच्या बाजारातून भेंडी आणली. कुठची विचारलं तर म्हणाली, "बेळगावची. तुमच्याच वाटेन येता." आमच्या गावावरून खाली उतरणाऱ्या ट्रकांतून ती आली होती. मी लहानपणी त्याच रस्त्याला उभा राहून ते ट्रक बघायचो.

माटोळीला ती बाजारची भेंडी बांधली. आबांना कदेलावर बसवून आणलं होतं. त्यांनी एक हातात मागितली, अंगठा फिरवला.

"पाच," म्हणाले आणि परत दिली. जेवताना भेंडीच्या भाजीला त्यांनी हात लावला नाही. गणपती पाच दिवसांनी गेला, माटोळी सोडली. त्याच आठवड्यात त्यांना दुसरा, लहान झटका आला. मग नुसती पातळ पेज. कुलेरने. आता भरवायची पाळी माझी होती.

एकतीस ऑगस्टला पहिलं फूल उमललं. सहा सप्टेंबरला पहिली भेंडी तोडण्याजोगी झाली. ती एकच तोडून मी आबांच्या खाटेजवळ बसलो. वैनी मागे धुणं वाळत घालत होती. मी भेंडी त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने एक एक शीर चाचपली.

"सात," ते म्हणाले.

"आबा, मी वीस जूनला घातली नव्हती. पाच जुलैला घातली. तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेरांवर अंगठा फिरू लागला. ओठ हलत होते. "जुलयचे सव्वीस... ऑगस्टाचे एकतीस... सत्तावन्न... आनी सा." थांबले. "त्रेसष्ट. त्रेसष्टांत पयली तोड. वयर चार-पाच दीस हाताक." त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. "म्हणजे माजा बरोबर होता."

"बरोबर होतं, आबा."

"मगे माजा डोक्या बरा आसा."

"हो."

मी रडत होतो, ते त्यांना दिसलं की नाही माहीत नाही. शिवी देतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "आता बाकीची तोडू नको. माका गिळणा नाय. बियाक ठेव. कितले दीस लागतत, सांग?"

"महिनाभर, आबा. शेंग सुकून तपकिरी होईपर्यंत."

"अंदाजान नको. मोजून सांग."

"सात ऑक्टोबरच्या सुमाराला."

"हां," म्हणाले आणि डोळे मिटले. भेंडी हातातच होती. वैनीने संध्याकाळी ती काढून घेतली. मी तिलाही सांगितलं.  ती म्हणाली, "इतके दिवस आपणाक वेड लागला असा वाटत होता तेंका." आणि आत गेली. खोली गेली नाही. तिने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आबा त्यानंतर एकविसाव्या दिवशी गेले. शेंगा तेव्हा अजून हिरवट होत्या.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या काढल्या. सुकून तपकिरी झाल्या होत्या, हाताने दाबलं की शिरांवर उकलायच्या, सात ठिकाणी. बी राखेत घालून पत्र्याच्या डब्यात भरलं. वैनी म्हणाली, डबो तुजाकडेच ठेव.

नवीन कालनिर्णय घरात आलं तेव्हा मी आधी चवथ बघितली. पुढच्या वर्षी अधिक महिना आहे, म्हणून ती उशिरा, चौदा सप्टेंबरला. मागे दोन महिने, चौदा जुलै. त्यामागे एक आठवडा, सात जुलै.

यंदा मी पाच जुलैला घातली होती.